तारीख सरासरीने, पिशवी अंदाजाने

श्री सम्मेद शिखरजीच्या वंदनेला निघायचे ठरले, की घरात दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. कधी जायचे, आणि बरोबर काय घ्यायचे. बहुधा या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी शोधले जाते, म्हणजे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील हवामानाच्या चित्रात. तेथेच गोंधळाला आरंभ होतो. ‘कधी जायचे’ या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षांच्या सरासरी हवामानात असते. ‘काय घ्यायचे’ याचे उत्तर त्या आठवड्याच्या अंदाजात असते. पहिले वर्षानुवर्षांच्या खातेवहीसारखे आहे, दुसरे आजच्या बाजारभावासारखे. खातेवही पाहून कोणी आजचा भाव सांगत नाही, आणि एका दिवसाचा भाव पाहून कोणी वर्षाचा व्यापार आखत नाही.

शिखरजीची यात्रा या विषयाच्या अभ्यासाला विशेष योग्य आहे, कारण तिथे हवामानाशी यात्रेकरूचा संबंध फार जवळून येतो. वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यात आहे. पारसनाथ पर्वताचा माथा समुद्रसपाटीपासून १३६५ मीटर उंच असून तो पायथ्याच्या मधुबनपेक्षा ढोबळमानाने एक हजार मीटरने वर आहे. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची परिक्रमा आणि नऊ किलोमीटर उतार, अशी सत्तावीस किलोमीटरची वाट बहुतेक जण अनवाणी चालतात. पहाटे तीनच्या सुमारास निघालेला यात्रेकरू दुपारी दोन-तीनपर्यंत परततो. कित्येकांचा डोंगरावर अन्नच नव्हे, तर पाणीही न घेण्याचा नियम असतो. म्हणजे दिवसातील सर्वांत थंड वेळ आणि सर्वांत उष्ण वेळ, या दोन्ही त्याच्या अंगावरून जातात, आणि तीही पायांत काही नसताना, पोट रिकामे असताना. अशा वेळी चुकीची तारीख किंवा चुकीची पिशवी हा केवळ गैरसोयीचा विषय राहत नाही. घरातील सत्तर वर्षांच्या आजी पहिल्या टोंकापर्यंत पोचतील, की अर्ध्या वाटेतून त्यांना परत आणावे लागेल, हे त्यावर ठरते.

तारीख ठरते तेव्हा अंदाज उपलब्धच नसतो

रेल्वेचे आरक्षण सध्या प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. गर्दीच्या दिवसांत तिकीट पहिल्या दिवशीच काढावे लागते. याचा अर्थ असा, की तारीख पक्की करताना हातात त्या दिवसाचा कोणताही विश्वसनीय अंदाज असूच शकत नाही. काही अॅपमध्ये चाळीस-पंचेचाळीस दिवसांनंतरचेही तापमान आणि पावसाचे चित्र दिसते. ते चित्र कितीही नेमके भासले, तरी त्याला दैनंदिन अंदाजाचे मोल नाही. वातावरणाची आजची स्थिती मोजताना राहिलेली सूक्ष्म त्रुटी दिवसागणिक वाढत जाते आणि साधारण दहा दिवसांनंतर अमुक तारखेला पाऊस पडेल की नाही, हे सांगण्याचे सामर्थ्य फारच थोडे उरते. पहिले तीन दिवस अंदाज चांगला असतो, पाचव्या दिवसापर्यंत कामाचा असतो आणि सातव्या दिवशी केवळ कल दाखवतो.

म्हणून साठ दिवस आधी पाहायचा तो सरासरी हवामानाचा तक्ता. भारतीय हवामान विभाग तीस वर्षांच्या नोंदींवरून प्रत्येक वेधशाळेची मासिक सरासरी काढतो. अलीकडची सरासरी १९९१ ते २०२० या कालखंडाची आहे. शिखरजीच्या माथ्याचा असा तक्ता सहज मिळत नाही, म्हणून त्याच पठारी प्रदेशातील रांचीचा तक्ता घ्यावा. रांची साधारण ६५० मीटर उंचीवर आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. त्याचा उपयोग पुढे होईल.

तक्त्यात पावसाचे दोन आकडे असतात. एक आकडा मिलिमीटरचा आणि दुसरा पावसाळी दिवसांचा. ज्या दिवशी अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस होतो, तो विभागाच्या हिशेबात पावसाळी दिवस. यात्रेकरूला दुसरा आकडा अधिक उपयोगी पडतो. महिन्यात ८० मिलिमीटर पाऊस आहे, एवढ्यावरून काही कळत नाही; तो एका रात्रीत पडला, की रोज थोडा थोडा, हे दिवसांच्या संख्येवरून कळते. रांचीत जुलै आणि ऑगस्ट या प्रत्येक महिन्यात सुमारे पंधरा पावसाळी दिवस असतात, म्हणजे एक दिवसाआड पाऊस. ऑक्टोबरमध्ये ते साधारण चार असतात. नोव्हेंबरमध्ये सरासरी पूर्ण एक दिवसही भरत नाही.

परंतु महिन्याची सरासरी महिन्याच्या दोन टोकांतील अंतर झाकून टाकते. झारखंडमध्ये मोसमी पाऊस जूनच्या मध्याला पोचतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो. त्यामुळे ऑक्टोबरचे ते चार दिवस महिनाभर सारखे विखुरलेले नसतात. त्यांचा भार पूर्वार्धावर असतो. शिवाय पाऊस एकेक दिवस सुटा येत नाही, बंगालच्या उपसागरातील एखाद्या प्रणालीबरोबर सलग दोन-तीन दिवस येतो. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्याला गोपाळपूरजवळ धडकले आणि त्याच्या अवशेषाने झारखंडपर्यंत पाऊस नेला. २०२४ मध्ये ‘दाना’ चक्रीवादळ २४-२५ ऑक्टोबरच्या रात्री ओडिशाच्याच किनाऱ्यावर आले. म्हणजे ऑक्टोबरची अखेर कोरडी असण्याचा संभव मोठा, पण निश्चिती नाही.

व्यापारी कुटुंबांसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण त्यांची यात्रा बहुधा दिवाळीनंतर निघते. दुकानाची धावपळ संपलेली असते, मुलांना सुट्टी असते. पण ‘दिवाळीनंतर’ हा हवामानाच्या दृष्टीने एक काळ नव्हेच. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, तर २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. पंचांगात सण एकच. हवामानात तीन आठवड्यांचे अंतर. पहिल्या वर्षी पठार कोरडे आणि थंडावलेले असते, दुसऱ्या वर्षी मोसमी पाऊस नुकताच गेलेला आणि समुद्रात वादळांचे दिवस चालू असतात. गेल्या वेळी दिवाळीनंतर गेलो होतो, हवा उत्तम होती, हा अनुभव पुढच्या वर्षाला लावण्यापूर्वी इंग्रजी तारीख ताडून पाहावी.

उरलेल्या सुट्ट्यांचाही असाच विचार करता येतो. नाताळच्या सुट्टीत शिखरजीवर पाऊस जवळजवळ नसतो, थंडी मात्र चांगली असते. तरीही त्या दिवसांतील खरी अडचण डोंगरावर नसून वाटेत असते. महाराष्ट्रातून पारसनाथ स्थानकाकडे जाणाऱ्या गाड्या सामान्यतः प्रयागराज, पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन आणि गया या मार्गाने जातात, आणि डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात दाट धुके पडते. गाडी आठ-दहा तास उशिरा पोचली, तर विश्रांतीची रात्र बुडते आणि न झोपताच वंदनेला निघावे लागते. यास्तव तक्ता पाहताना केवळ मुक्कामाचा नव्हे, मार्गाचाही पाहावा.

मे महिन्यात रांचीचे सरासरी कमाल तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. हे तापमान जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झरोकेदार पेटीच्या सावलीत मोजलेले हवेचे तापमान असते. उन्हात तापलेली पायरी किंवा डांबरी वाट त्याहून कितीतरी अधिक गरम होते, आणि अनवाणी यात्रेकरूचा पाय हवेवर नव्हे, त्या दगडावर पडतो. पाणी न घेण्याचा नियम असलेल्यांनी तर हा महिना टाळणेच इष्ट. त्यात एप्रिल-मे हा छोटा नागपूरच्या पठारावर वादळी ढग उठण्याचा काळ. बंगालमध्ये ज्यांना कालबैशाखी म्हणतात, ती दुपारनंतरची वादळे बहुधा याच पठारावर जन्म घेतात. उतरायला उशीर झालेल्या यात्रेकरूला ती उघड्या धारेवर गाठू शकतात.

सरासरीच्या शेजारचा रकाना

तारीख ठरली, की तक्त्याचे काम संपले असे नाही. पिशवीचा पहिला कच्चा आराखडाही त्यावरूनच करायचा असतो. पण त्यासाठी दुसरा रकाना वाचावा लागतो.

नोव्हेंबरमध्ये रांचीचे सरासरी किमान तापमान साधारण १४-१५ अंश असते. ‘पंधरा अंश म्हणजे एक स्वेटर पुरे’, असे येथे वाटते. परंतु सरासरी म्हणजे निम्म्या रात्री त्याहून थंड असतात, एवढाच तिचा अर्थ. शिवाय ही महिन्याची सरासरी आहे. नोव्हेंबरच्या आरंभी रात्री तिच्याहून उबदार असतात आणि अखेरीस तिच्याहून थंड. हवामान विभागाच्या सविस्तर तक्त्यात आणखी एक रकाना असतो. दर वर्षी त्या महिन्यातील सर्वांत थंड रात्र किती थंड होती, त्या आकड्यांची तीस वर्षांची सरासरी त्यात दिलेली असते. पिशवी भरायची ती या रकान्यावरून. तो तक्ता हाताशी नसेल, तर मासिक किमान सरासरीतून चार-पाच अंश वजा करावेत. तारीख निवडताना नेहमीचे हवामान पाहायचे. कपडे निवडताना नेहमीपेक्षा वाईट, पण संभाव्य असे हवामान पाहायचे. दुकानाचा माल सरासरी विक्रीवर भरता येतो, रोकड मात्र सर्वांत ओढीच्या आठवड्यासाठी हाताशी ठेवावी लागते, तसेच हे आहे.

उंचीचा हिशेब आणि त्याची मर्यादा

यानंतर येते उंची. मोकळ्या हवेत दर हजार मीटर चढण्याबरोबर तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. रांचीचा माथ्याशी फरक सुमारे ७१५ मीटरचा. म्हणजे माथ्यावरील दुपार रांचीच्या दुपारपेक्षा साडेचार अंशांनी थंड. गिरिडीह शहर याहून खाली, तीनशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून गिरिडीहचा अंदाज पाहिला तर सुमारे सात अंश वजा करावे लागतात.

दुपारच्या वेळी हा हिशेब चांगला जुळतो. पहाटे मात्र तो नेहमी खरा ठरत नाही. हिवाळ्यातील निरभ्र, निवांत रात्री जमीन उष्णता टाकते, तिला लागून असलेली हवा थंड व जड होते आणि उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते. अशा रात्री पायथ्याशी हुडहुडी भरते आणि थोडे वर चढल्यावर हवा त्या मानाने ऊबदार लागते. म्हणून माथ्यावर पायथ्यापेक्षा सात अंशांनी अधिक थंडी असेलच, असे नाही. पण वारा सुटला किंवा आकाश ढगाळले, की ही साचलेली हवा ढवळून जाते आणि उंचीचा हिशेब पुन्हा लागू होतो. त्यातून माथ्यावर वारा असतो आणि चढताना घामाने भिजलेले कपडे त्या वाऱ्यात अंगाला बर्फासारखे लागतात. यासाठी पिशवी भरताना पूर्ण सात अंश वजा करूनच भरावी. कमी थंडी निघाली, तर एक शाल हातात धरावी लागेल, इतकेच.

अॅपमध्ये ‘पारसनाथ’ असे नाव घातले, की येणारा आकडा माथ्याचाच आहे असे अनेक जण समजतात. येथे एक फसवी गोष्ट आहे. हवामानाची संगणकीय प्रतिमाने भूपृष्ठाचे काही किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाला एकच सरासरी उंची देतात. पारसनाथसारखा एकटा उभा डोंगर त्यात सपाट होऊन जातो. पडद्यावरील नाव डोंगराचे असते, आकडा मात्र आसपासच्या प्रदेशाचा असू शकतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. त्याच अॅपमध्ये गिरिडीहचेही तापमान पाहावे. दोहोंत एक-दोन अंशांचाच फरक दिसला, तर उंची हिशेबात धरलेली नाही असे समजून आपण स्वतः वजाबाकी करावी. फरक सहा-सात अंशांचा असेल, तर ती झालेली आहे. पुन्हा करू नये.

एका कुटुंबाचा हिशेब

समजा, सांगलीचे एक सहा माणसांचे कुटुंब २०२६ च्या दिवाळीनंतर निघणार आहे. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. तक्त्यावरून नोव्हेंबरचा मध्य निर्धोक दिसतो, म्हणून १३ नोव्हेंबरला निघून १५ ला मधुबन आणि १६ च्या पहाटे वंदना, असे ठरते. तिकीट १४ सप्टेंबरला काढायचे. त्या वेळी कुटुंबाने एकच शहाणपण करायचे असते. परतीचे तिकीट १७ चे न काढता १८ चे काढायचे, म्हणजे मधुबनात एक दिवस मोकळा राहतो. हवामानाविरुद्ध त्या मोकळ्या दिवसाइतकी उपयोगी वस्तू कोणत्याही पिशवीत मावत नाही.

हवामान विभाग दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज प्रसिद्ध करतो. त्यात तारखा नसतात. अमुक आठवड्यात पाऊस किंवा तापमान सरासरीपेक्षा अधिक की उणे, एवढेच नकाशावर दाखवलेले असते. २९ ऑक्टोबरच्या अंदाजात हा प्रवास तिसऱ्या आठवड्यात पडतो, ५ नोव्हेंबरच्या अंदाजात दुसऱ्या. दोन्ही वेळा पठारावर पाऊस सरासरीपेक्षा अधिक दाखवला असेल, तर सावध व्हायचे. तिकीट रद्द करायचे नाही, पण पावसाचे सामान बाजूला काढून ठेवायचे. किमान तापमान सरासरीपेक्षा उणे दाखवले असेल, तर आणखी एक ऊबदार वस्त्र वाढवायचे.

खरी पिशवी १२ नोव्हेंबरला, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भरायची. त्या दिवशी १६ तारीख चार दिवसांवर असते, म्हणजे अंदाज कामाचा असतो. समजा, गिरिडीहचे कमाल तापमान २८, किमान १४, आकाश निरभ्र आणि पावसाची शक्यता दहा टक्के दिसते. माथ्यावरील दुपार २८ वजा ७, म्हणजे २१. माथ्यावरील पहाट अधिकात अधिक थंड धरून १४ वजा ७, म्हणजे ७ अंश. एकाच फेरीत सात ते एकवीस. यावरून कळते, की एक जाड कोट निरुपयोगी आहे. चढताना तो नकोसा होतो आणि परतताना ओझे होतो. हवेत ते तीन पातळ थर. अंगालगत घाम टिपणारे वस्त्र, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारे पातळ आवरण. शिवाय टोंकांवर पोचल्यावर बदलण्यासाठी एक कोरडे वस्त्र, जे पूजेच्या वस्त्रांसह प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले असावे. कान झाकणारी टोपी आणि हातमोजे वजनाला हलके, पण पहाटे मोलाचे.

सहा जणांसाठी एकच यादी करणे ही येथील नेहमीची चूक असते. चालणाऱ्याचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करते. डोलीत बसलेल्या आजींचे तसे नसते. त्या तीन-चार तास जवळजवळ स्थिर बसतात आणि वारा अंगावर घेतात. मुलाला जिथे स्वेटर पुरतो, तिथे आजींना स्वेटरवर शाल, गुडघ्यांवर घोंगडी आणि पायांत लोकरी मोजे लागतात. कडेवर किंवा पाठीवर घेतलेल्या लहान मुलाचीही गोष्ट अशीच. अंदाज सर्वांना सारखा असतो. तो अंगावर कसा येतो, हे माणूस चालतो की बसतो, यावर ठरते.

शक्यता, ‘तुरळक’ आणि साडेआठची मेख

समजा, त्याच १२ तारखेला पावसाची शक्यता दहाऐवजी चाळीस टक्के दिसली. याचा अर्थ दिवसाच्या चाळीस टक्के वेळ पाऊस पडेल असा नाही, आणि पाऊस चाळीस टक्के जोराचा असेल असाही नाही. असा अंदाज दिलेल्या शंभर दिवसांपैकी सुमारे चाळीस दिवशी त्या ठिकाणी पाऊस होतो आणि साठ दिवस कोरडे जातात, हा त्याचा अर्थ. म्हणजे कोरडा दिवस अजूनही अधिक संभवनीय आहे, परंतु पावसाची तयारी न करता निघण्याइतका नाही. अशा वेळी छत्रीपेक्षा अंगावर घालायचा रेनकोट चांगला, कारण एका हातात काठी असते आणि धारेवर वारा छत्री उलटवतो.

हवामान विभागाची भाषा याहून वेगळी असते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील चौथ्या हिश्शापर्यंत केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. हे शब्द पावसाचा फैलाव सांगतात, जोर नव्हे. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ हा विरोधाभास नाही. थोड्या ठिकाणी, पण जिथे पडेल तिथे जोरात, असा त्याचा सरळ अर्थ आहे. रंगांचे इशारे जिल्हावार असतात. पिवळा लक्ष ठेवायला सांगतो, नारिंगी तयारीत राहायला, तांबडा कृती करायला.

सर्वांत अधिक चुकते ते दिवसाच्या सीमेबाबत. हवामान विभागाचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठला बदलतो. जिल्हावार इशाऱ्यातील १५ तारखेची ओळ १६ च्या सकाळी साडेआठपर्यंत लागू असते. आता वंदनेची वेळ पाहावी. १६ च्या पहाटे तीनपासून साडेआठपर्यंतचा चढ हा विभागाच्या लेखी १५ तारखेत मोडतो आणि नंतरची परिक्रमा व उतार १६ मध्ये. ज्याने केवळ १६ ची ओळ वाचली, त्याने चढाच्या साडेपाच तासांचा इशारा वाचलाच नाही. खासगी अॅप मात्र बहुधा मध्यरात्रीपासून दिवस मोजतात. म्हणून विभागाच्या दोन ओळी आणि अॅपचा तासवार तक्ता शेजारी ठेवून वाचावा.

तारीख बदलता येत नसेल तेव्हा

श्रावण शुद्ध सप्तमीला, भगवान पार्श्वनाथांच्या निर्वाणदिनी, शिखरजीवर जाण्याची ज्यांची प्रतिज्ञा असते, त्यांना महिना निवडण्याची मुभा नसते. तो दिवस भर पावसाळ्यात येतो. चातुर्मासात वाटेवर सूक्ष्म जीव आणि अंकुर दाटलेले असतात, म्हणून अनेक घरांत हा प्रवास टाळलाही जातो. जे जातात, त्यांच्यासाठी तक्त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते: पाऊस असणारच. मग अंदाजाचा उपयोग दिवसासाठी नव्हे, तासांसाठी करायचा. पावसाचा जोर आणि विजा यांच्याकडे लक्ष द्यायचे. शेवाळलेल्या दगडावर अनवाणी पाय घसरतो, म्हणून चढाचा नेहमीचा वेळ दीडपट धरून उतरण्याची वेळ मोजायची. ती दुपारच्या गडगडाटाच्या वेळेत जात असेल, तर परिक्रमा आटोपती घ्यायची, किंवा वृद्धांनी डोलीनेच जायचे.

विजेबाबत मात्र कोणत्याही ऋतूत तडजोड नको. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अॅप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते, आणि हवामान विभाग पुढील तीन तासांचे तात्कालिक इशारे जिल्हावार प्रसिद्ध करतो. गडगडाट कानी येऊ लागला, म्हणजे वादळ विजेच्या टप्प्यात आले असे समजावे. अशा वेळी उंच धारेवर, एकट्या झाडाखाली किंवा लोखंडी कठड्याजवळ थांबू नये. पक्क्या बांधकामाच्या आत जावे, ते जवळ नसेल तर धार सोडून खाली यावे.

सांगलीच्या त्या कुटुंबाकडे मात्र एक मोकळा दिवस आहे. १६ च्या पहाटे अडीच वाजता उठल्यावर त्यांनी तीन गोष्टी पाहायच्या: तीन तासांचा तात्कालिक इशारा, दामिनीचा नकाशा आणि धर्मशाळेच्या अंगणातून दिसणारे आकाश. तारे स्पष्ट असतील आणि इशारा नसेल, तर निघायचे. जिल्ह्याला विजांचा नारिंगी इशारा असेल, तर नातवंडांना पुन्हा झोपवायचे, आजी-आजोबांनी पायथ्याच्या मंदिरात दर्शन-पूजन करायचे आणि वंदना १७ ला करायची. परतीचे तिकीट १८ चे आहे.